उपवास, कावीळ आणि रक्तातील रंगद्रव्य



पर्युषणाच्या दिवसांत नांदेड आणि लातूर येथील अनेक घरांत उपवास, अठाई, क्वचित मासखमणही चालू असते. या काळात डॉक्टरांकडे दोन प्रकारच्या तक्रारी येऊ शकतात. पहिलीत उपवास करणाऱ्याचे डोळे पिवळसर दिसू लागतात. प्रकृती ठीक असते, पण घरातील सर्वजण घाबरून जातात. दुसरीत डोळे अगदी स्वच्छ असतात, परंतु पोटात असह्य कळा येतात. "पित्त वाढले असेल, पारणे झाले की थांबेल," असे म्हणून तिकडे दुर्लक्ष होते. पहिली तक्रार बहुधा निरुपद्रवी असते. दुसरी क्वचितच, पण कधीकधी जिवावर बेतणारी असू शकते. या दोन्हींचे मूळ एकाच पदार्थात आहे आणि त्या पदार्थाचे नाव हीम. हीमची घडण बिघडली तर पॉर्फिरिया होतो आणि त्याच्या विघटनाचा तोल गेला तर कावीळ दिसते. उपवासाचा परिणाम या दोन्ही टोकांवर होतो. तो कसा होतो आणि दोहोंतील भेद कसा ओळखावा, हाच प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

हीमची घडण

रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनमुळे येतो आणि हिमोग्लोबिनला तो रंग हीममुळे मिळतो. हीम म्हणजे चार लहान कड्यांची मिळून झालेली एक मोठी कडी. तिच्या मध्यभागी लोहाचा एक अणू बसलेला असतो आणि प्राणवायू या लोहालाच चिकटतो. लोह बसण्यापूर्वीच्या रिकाम्या कडीला पॉर्फिरिन म्हणतात. जांभळ्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव पडले.

शरीर हीम आठ पायऱ्यांत तयार करते. प्रत्येक पायरीवर एक विकर, म्हणजे एन्झाइम, काम करीत असते. सुरुवातीला ग्लायसिन हे साधे अमिनो आम्ल आणि साखर-चरबीच्या ज्वलनातून मिळणारा सक्सिनिल कोएन्झाइम-ए हा पदार्थ एकत्र येतात. त्यांच्यापासून 'अला' या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे द्रव्य बनते. अलाचे दोन रेणू जुळून पॉर्फोबिलिनोजेन ही लहान कडी तयार होते. अशा चार कड्या ओळीने जोडल्या जातात, त्यांचे वर्तुळ मिटते, त्यात काही फेरफार होतात आणि शेवटी लोह बसते.

शरीरातील सुमारे ऐंशी टक्के हीम अस्थिमज्जेत, तांबड्या पेशींसाठी तयार होते. उरलेल्यातील मोठा भाग यकृतात बनतो. औषधे व विषारी द्रव्ये निकामी करणारी जी विकरे यकृतात असतात, त्यांना हीम लागते. यकृतातील उत्पादनाची चावी पहिल्या पायरीच्या विकराकडे, म्हणजे अला सिंथेजकडे असते. हीम पुरेसे असेल तर तेच या विकराला आवर घालते. हीमची गरज वाढली की हा आवर सैल होतो आणि कच्च्या मालाची आवक वाढते.

याच चावीवर आहाराचाही प्रभाव पडतो. पोटात पिष्टमय अन्न असताना अला सिंथेज दबलेले राहते. उपवासात साखर घटली की यकृतात एक नियामक प्रथिन वाढते आणि ते अला सिंथेजच्या जनुकाला चालना देते. हा दुवा २००५ साली उंदरांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाला. निरोगी माणसाला या वाढीचा त्रास होत नाही, कारण पुढील सातही पायऱ्या वाढलेला माल सहज पुढे नेतात.

अडलेली तिसरी पायरी

लातूरकरांना डाळ मिल नवी नाही. मिलमधील एक यंत्र निम्म्या वेगाने चालत असले तरी आवक कमी असेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. मात्र एखाद्या दिवशी तूर दुप्पट ओतली की त्या यंत्राच्या अलीकडे ढीग साचतो. 'ॲक्यूट इंटरमिटंट पॉर्फिरिया' या विकारात असेच घडते. तिसऱ्या पायरीवर पॉर्फोबिलिनोजेनच्या चार कड्या जोडणारे विकर जन्मतः निम्मेच काम करते, कारण आईकडून किंवा वडिलांकडून आलेली जनुकाची एक प्रत सदोष असते. असा दोष असलेल्या शंभरांपैकी नव्वदांहून अधिक लोकांना आयुष्यात एकदाही झटका येत नाही. चालना मिळाली तरच तो येतो. कडक उपवास, काही औषधे, मद्य, तीव्र जंतुसंसर्ग आणि स्त्रियांमध्ये मासिक पाळीपूर्वीचे दिवस ही अशा चालनांची मुख्य उदाहरणे होत. हा त्रास यौवनापूर्वी जवळजवळ दिसत नाही आणि स्त्रियांमध्ये तो बराच अधिक आढळतो. भारतात बिकानेर परिसरातील डॉक्टरांनी अशा रुग्णांचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकांत केलेले आहे.

वैद्यकीय वर्णनांच्या आधारे रचलेले एक कल्पित उदाहरण पाहू. नांदेडमधील सव्वीस वर्षांच्या एका विवाहितेचा उकळलेल्या पाण्यावरील उपवासाचा हा तिसरा दिवस. पाळी चार दिवसांवर आली आहे. सकाळपासून पोटात तीव्र कळा आहेत, उलट्या होत आहेत, दोन दिवस शौचास झालेले नाही. डॉक्टर पोट दाबून पाहतात तर ते मऊ लागते. वेदना एवढी, पण पोटात कडकपणा नाही. ताप नाही, सोनोग्राफीत काही दोष नाही, डोळे पांढरे स्वच्छ. नाडी मात्र मिनिटाला १२० आणि रक्तदाब वाढलेला. रक्तातील सोडियम १२२, म्हणजे १३५ या किमान पातळीच्या बरेच खाली. रुग्ण बेचैन आहे, तिला झोप नाही आणि पायांत अशक्तपणा जाणवू लागला आहे.

वेदना आणि तपासणी यांतील ही विसंगती हाच पहिला संकेत होय. कळा आतड्याच्या सुजेमुळे येत नाहीत, तर आतड्याला जाणाऱ्या मज्जातंतूंवर परिणाम झाल्यामुळे येतात. साचलेले अला या मज्जातंतूंना इजा करीत असावे, असे मानले जाते. नाडी, रक्तदाब, बेचैनी व अशक्तपणा ही सर्व लक्षणे मज्जासंस्थेचीच आहेत. उपाय झाला नाही तर झटके येऊ शकतात, हातपाय लुळे पडू शकतात आणि श्वासाचे स्नायूही थकू शकतात. निदान चुकून अपेंडिक्स समजून शस्त्रक्रिया झाल्याची उदाहरणे जगभर नोंदली गेली आहेत.

दुसरा संकेत लघवीत असतो. ताजी लघवी साधीच दिसते, परंतु उजेडात काही तास ठेवली की ती लालसर-तपकिरी होते, कारण पॉर्फोबिलिनोजेनचे हळूहळू रंगीत द्रव्यांत रूपांतर होते. असा रंग प्रत्येक रुग्णात दिसतोच असे नाही. म्हणून झटका चालू असतानाच लघवीतील पॉर्फोबिलिनोजेन मोजणे हीच निर्णायक तपासणी ठरते. नमुना उजेडापासून झाकून न्यावा लागतो. लहान प्रयोगशाळांत ही सोय नसते, तेथून तो मोठ्या शहरातील प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. झटक्यात हे प्रमाण नेहमीच्या कित्येक पटींनी वाढलेले असते, त्यामुळे अहवाल संदिग्ध राहत नाही.

उपचाराची दिशा वरील विवेचनातूनच स्पष्ट होते. आवक थांबवायची म्हणजे अला सिंथेज दाबायचे. त्यासाठी उपवास थांबवून पिष्टमय आहार द्यावा लागतो. तोंडाने शक्य नसेल तर शिरेतून ग्लुकोज देतात, साधारणतः दिवसाला ३०० ग्रॅमपर्यंत. सोडियम आधीच उतरलेले असताना नुसते पातळ द्रावण भरपूर चढविले तर ते आणखी उतरते, म्हणून हे काम रुग्णालयातच व्हावे. तीव्र झटक्यात हीमच शिरेतून देतात, सामान्यतः चार दिवस. ते यकृतात पोहोचून पहिल्या पायरीला आवर घालते. वारंवार झटके येणाऱ्यांसाठी अला सिंथेजचा निरोपच खोडणारे गिवोसिरान हे इंजेक्शन २०१९ साली अमेरिकेत मान्य झाले. झटके थांबविण्यासाठी सवयीने दिली जाणारी फेनिटॉइन व बार्बिच्युरेट ही औषधे येथे वर्ज्य आहेत, कारण ती यकृतातील हीमची मागणी वाढवून आगीत तेल ओततात.

हीमचा शेवट

आता साखळीचे दुसरे टोक पाहू. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. जुन्या पेशी प्लीहा व यकृतात मोडल्या जातात आणि त्यांतून रोज सहा ग्रॅमच्या आसपास हिमोग्लोबिन सुटते. त्यातील हीमची कडी एक विकर कापते, लोह पुन्हा वापरण्यासाठी साठविले जाते आणि उरतो हिरवा बिलिव्हर्डिन. पुढच्या पायरीवर त्याचे पिवळे बिलिरुबिन होते. मुका मार लागल्यावर काळीनिळी पडलेली त्वचा काही दिवसांनी हिरवी व मग पिवळी होते, तेव्हा हाच क्रम डोळ्यांसमोर घडत असतो. एका ग्रॅम हिमोग्लोबिनपासून सुमारे ३५ मिलिग्रॅम बिलिरुबिन बनते. म्हणजे सहा ग्रॅमपासून २१० मिलिग्रॅम झाले. इतर मार्गांनी येणारे धरून रोज एकूण २५० ते ३०० मिलिग्रॅम बिलिरुबिन शरीराला बाहेर टाकावे लागते.

हे बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही. रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून ते यकृतापर्यंत जाते. तेथे एक विकर त्याला शर्कराम्लाची जोड देते आणि या जोडणीमुळे ते पाण्यात विरघळण्याजोगे होते. मग ते पित्तातून आतड्यात उतरते. तेथील जिवाणू त्याचे रूपांतर करतात आणि त्यातूनच विष्ठेला तपकिरी रंग येतो. या रूपांतराचे जिवाणूंतील विकर २०२४ साली ओळखले गेले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. न जोडलेले बिलिरुबिन अल्ब्युमिनला घट्ट चिकटलेले असल्यामुळे मूत्रपिंडातून गळत नाही. जोडलेले बिलिरुबिन मात्र लघवीत उतरते आणि तिला गर्द पिवळा, चहासारखा रंग देते. प्रयोगशाळेच्या अहवालात 'इनडायरेक्ट' व 'डायरेक्ट' असे जे दोन आकडे असतात, ते याच दोन रूपांचे होत. घरच्या घरी हाच भेद लघवीच्या रंगावरून बराचसा कळतो.

निरुपद्रवी पिवळेपणा

१९०१ साली फ्रेंच वैद्य ओगुस्तँ झिल्बेर आणि त्यांचे सहकारी पिएर लरबुले यांनी एका सौम्य, आनुवंशिक काविळीचे वर्णन केले. इंग्रजी उच्चारानुसार तिला 'गिल्बर्ट सिंड्रोम' म्हणतात. १९९५ साली तिचे जनुकीय कारण सापडले. जोडणी करणाऱ्या विकराच्या जनुकापाशी दोन अक्षरांची एक जोडी सहसा सहा वेळा येते, या व्यक्तींत ती सात वेळा येते. एवढ्या फरकाने विकर कमी बनते आणि जोडणीची क्षमता सुमारे तीस टक्क्यांवर येते. शंभरांत तीन ते दहा लोकांमध्ये हा गुण आढळतो. तो यकृताचा आजार नाही. यकृत झिजत नाही आणि आयुष्यही घटत नाही.

लातूरमध्ये शिकायला आलेल्या एकोणीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याचे उदाहरण घेऊ. हेही कल्पितच आहे, परंतु आकडे नेहमी दिसतात तसेच आहेत. त्याचे बिलिरुबिन एरवी १.६ मिलिग्रॅम असते, निरोगी माणसात ते सहसा एकाच्या आसपास असते. उपवासाच्या तिसऱ्या दिवशी त्याचे डोळे पिवळे दिसतात आणि तपासणीत एकूण बिलिरुबिन ३.४ भरते. त्यातील डायरेक्ट अवघे ०.४. यकृताची इतर विकरे सामान्य, हिमोग्लोबिन १४.२, नव्या तांबड्या पेशींचे प्रमाण सामान्य, लघवीत बिलिरुबिन नाही. पारण्यानंतर दोन दिवसांनी आकडा पुन्हा १.७ वर येतो. ताप, मळमळ, खाज यांपैकी काहीच नाही. येथे निदानासाठी याहून अधिक काही लागत नाही.

उपवासात हा आकडा का वाढतो, याची कारणे एकाहून अधिक आहेत. आतडे मंदावल्याने काही बिलिरुबिन परत रक्तात शोषले जाते. यकृतातील जोडणीसाठी लागणारे शर्कराम्ल साखरेपासून बनते. हीम मोडण्याचा वेगही उपवासात वाढतो. विकर भरपूर असलेल्या माणसात हा वाढीव बोजा खपून जातो, पण तीस टक्के क्षमतेवर चालणाऱ्या यकृतात तो डोळ्यांपर्यंत दिसतो. एके काळी दोन दिवस केवळ ४०० कॅलरींचा आहार देऊन बिलिरुबिन किती वाढते, यावरून याचे निदान करीत असत. साबुदाणा, रताळे घेऊन केलेल्या एकादशीला हे सहसा घडत नाही, कारण त्यात पिष्ट भरपूर असते. केवळ पाण्यावरचा उपवास मात्र त्या जुन्या तपासणीपेक्षाही कडक असतो.

असा पिवळेपणा आपोआप ओसरतो. म्हणून कावीळ 'उतरविणाऱ्या' कोणत्याही उपायाला त्याचे श्रेय मिळते आणि पुढे खऱ्या काविळीतही लोक तेथेच जातात. गिल्बर्ट असलेल्यांनी ही नोंद आपल्या कागदपत्रांत ठेवावी, कारण इरिनोटेकॅनसारखे कर्करोगावरील औषध याच विकराच्या साह्याने बाहेर पडते आणि त्याची मात्रा ठरविताना डॉक्टरांना ही माहिती लागते.

उपवासाच्या माथी काय मारू नये

चातुर्मास म्हणजे पावसाळा आणि पावसाळा म्हणजे दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ए व ई यांचा काळ. उपवासापूर्वी दोन-चार आठवडे शरीरात शिरलेला विषाणू नेमका उपवासाच्या दिवसांत प्रकट होऊ शकतो. यात यकृताच्या पेशींनाच इजा होते, म्हणून जोडलेले बिलिरुबिनही रक्तात परतते आणि लघवी गर्द होते. सोबत ताप, मळमळ, अन्नावरची वासना उडणे ही लक्षणे असतात आणि यकृताची विकरे कित्येक पटींनी वाढतात. गरोदर स्त्रीस हिपॅटायटिस ई झाल्यास धोका फार मोठा असतो. पित्तनलिकेत खडा किंवा गाठ अडकली तर लघवी गर्द आणि विष्ठा मातीसारखी फिकट होते, कारण रंग आतड्यापर्यंत पोहोचतच नाही.

तिसरा प्रकार तांबड्या पेशी वेळेआधी फुटण्याचा. नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूर भागातील आदिवासी समाजांत सिकलसेलचा विकार आढळतो. त्यात पेशी १२० दिवसांऐवजी दोन-तीन आठवड्यांतच मोडतात आणि बिलिरुबिनचा लोंढा यकृतावर येतो. वाढलेले बिलिरुबिन येथेही न जोडलेलेच असते, म्हणून केवळ 'इनडायरेक्ट वाढले' एवढ्यावर गिल्बर्ट म्हणणे चुकीचे ठरते. हिमोग्लोबिन कमी आणि नव्या पेशींचे प्रमाण जास्त असेल तर ते पेशी फुटण्याचे लक्षण समजावे. अशा रुग्णाने पाणी सोडणे विशेष घातक असते, कारण शरीर कोरडे पडले की पेशी विळ्यासारख्या वाकून वाहिन्या तुंबवितात.

घरी काय पाहावे

उपवासाच्या काळात डोळे पिवळे दिसले तर प्रथम लघवीचा रंग पाहावा. पाणी कमी प्यायल्यानेही लघवी पिवळी होते, म्हणून शक्य असल्यास पाणी पिऊन दोन-तीन तासांनी पुन्हा पाहावे. ती स्वच्छ असेल, ताप-मळमळ नसेल आणि माणूस ठीक असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. तरीही पहिल्याच वेळी एकदा रक्त तपासावे. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथील रुग्णालयांकडे जावे किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. बिलिरुबिनचे दोन्ही आकडे, यकृताची विकरे, हिमोग्लोबिन आणि नव्या पेशींचे प्रमाण एवढे पुरेसे आहे. एकूण बिलिरुबिन पाच-सहाच्या वर असेल, लघवी चहासारखी असेल किंवा विष्ठा फिकट असेल, तर ती गिल्बर्टची कावीळ नव्हे.

डोळे स्वच्छ असूनही पोटात तीव्र कळा, उलट्या, धडधड, भ्रम किंवा पायांत अशक्तपणा यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर पारण्याची वाट पाहू नये. पच्चक्खाणात जे आगार ठेवलेले असतात, त्यांत गंभीर व्याधीच्या वेळी औषध घेण्याची मुभा असते, हे घरातील वडीलधाऱ्यांनी लक्षात ठेवावे. रुग्णालयात गेल्यावर उपवासाचे किती दिवस झाले, हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे, कारण तेवढ्या एका माहितीवरून पॉर्फिरियाची शंका येऊ शकते. निदान पक्के झाले तर रुग्णाच्या सख्ख्या भावंडांची व मुलांची जनुकीय तपासणी करून घ्यावी. त्यांपैकी प्रत्येकाकडे तो दोष आलेला असण्याची शक्यता निम्मी असते. ज्यांच्यात तो सापडेल, त्यांनी केवळ पाण्यावरचे उपवास करू नयेत आणि वर्ज्य औषधांची यादी नेहमी जवळ बाळगावी.